दोन भाऊ, एक शेत आणि कलम अकरा

थोरल्या भावाने २०१२ साली तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. दोन एकरांचे शेत आपण मुंबईला गोदीत राबून साठवलेल्या पैशातून घेतले, ते आपल्या एकट्याच्या मालकीचे आहे असे जाहीर करून मिळावे आणि धाकट्याला तिथे पाय ठेवायला कायमची मनाई व्हावी, अशी त्याची मागणी. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, धाकट्याने त्याच न्यायालयात वाटपाचा दावा आणला. शेत घेतले तेव्हा वडील हयात होते, पैसा एकत्र कुटुंबाचा होता, बहीण कोणी नाही, तेव्हा निम्मा हिस्सा तोडून द्या, असे त्याचे म्हणणे. प्रसंग बनवलेला आहे, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका न्यायालयाच्या बोर्डावर असे दावे रोज लागलेले दिसतील आणि दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेच्या पेपरातही.

विधीच्या विद्यार्थ्याला तीन तत्त्वे एकदमच शिकवली जातात. रेस सब ज्युडिस, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चे कलम १०. रेस ज्युडिकाटा किंवा प्राङ्न्याय, म्हणजे कलम ११. आणि एस्टॉपेल, जे पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ११५ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२१ मध्ये आहे. वहीत तीन रकान्यांचा तक्ता होतो, फरकांची यादी पाठ होते. तक्ता चुकीचा नसतो. पण प्रश्न जेव्हा गोष्ट सांगून विचारला जातो तेव्हा तो उपयोगी पडत नाही, कारण गोष्टीत कोणी येऊन सांगत नाही की आता कलम ११ सुरू झाले. तिथे एवढेच पाहायचे असते, की समोरची अडवणूक कशातून जन्मली: दुसरा दावा अजून चालू आहे यातून, न्यायालयाने आधीच निकाल दिला यातून, की पक्षकाराने स्वतः काही बोलून किंवा करून दुसऱ्याला पुढे पाऊल टाकायला लावले यातून. दोन भावांच्या भांडणात ही तिन्ही रूपे एकामागून एक भेटतात.

सुरुवात २०१४ पासून. धाकट्याचा दावा दाखल झाला तेव्हा थोरल्याचा चालू होता. दोन्हींत खरा वाद एकच: शेत एकट्याचे की एकत्र कुटुंबाचे? पक्षकार तेच, हक्क सांगण्याचे नातेही तेच आणि पहिला दावा जिथे चालू आहे त्या न्यायालयाला दुसऱ्या दाव्यातली मागणी मान्य करण्याचा अधिकारही आहे. कलम १० लागू व्हायला एवढे पुरे. परिणाम असा, की नंतर आलेल्या दाव्याची सुनावणी थांबते. नुसता दाखल करायला बंदी नाही. दावा फेटाळलाही जात नाही, तो आहे तिथे थांबतो. ‘कलम १०मुळे दुसरा दावा दाखल होऊ शकत नाही’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत हमखास सापडते आणि ते सरळ चूक आहे.

थांबते ती सुनावणी, पण सुनावणी म्हणजे नेमके काय? मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात याचे उत्तर मिळाले. इंडियन बँक विरुद्ध महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ, १९९८. बँकेने आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावला होता आणि महासंघाचा बँकेविरुद्धचा दावा आधीपासून चालू होता. बँकेचा दावा कलम १० खाली थांबवावा, असा महासंघाचा आग्रह. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संक्षिप्त दाव्यात प्रतिवादीला बचावाची परवानगी मिळेपर्यंतचा टप्पा म्हणजे या कलमातली सुनावणी नव्हे, त्यामुळे तोवरचे काम थांबवायचे कारण नाही. त्याच न्यायाने, दावा थांबलेला असतानाही न्यायालय तात्पुरता मनाई हुकूम देऊ शकते, रिसीव्हर नेमू शकते. आपल्या गोष्टीत याचा अर्थ स्पष्ट आहे. धाकट्याचा वाटपाचा दावा थांबला म्हणून थोरल्याला शेत विकून मोकळे होता येत नाही. धाकट्याने त्या थांबलेल्या दाव्यातच अर्ज करून विक्रीला मनाई मागितली, तर न्यायालय ती ऐकू शकते.

आता धाकट्याने वाटपात शेताबरोबर गावातले घर आणि विहिरीतला हिस्साही घातला असता, तर? मग दोन्ही दाव्यांचा विषय पूर्णपणे एक राहत नाही. निमहान्स विरुद्ध सी. परमेश्वर (२००५) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी दिली, की पहिल्या दाव्याचा अंतिम निकाल दुसऱ्या दाव्यात रेस ज्युडिकाटा ठरेल का, हे पाहा आणि दोन्ही कार्यवाह्यांचा सबंध विषय एकच असला पाहिजे हेही पाहा. घराबद्दल पहिला निकाल काहीच सांगणार नसेल, तर सगळा दावा थांबवणे अवघड. अशा वेळी न्यायालये बहुधा दोन्ही दावे एकत्र चालवतात. या कसोटीची खुबी अशी, की ती कलम १० चा शोध कलम ११ च्या डोळ्यांनी घेते. दोन्ही कलमांत ‘प्रत्यक्षपणे आणि मुख्यत्वे वादात असलेला मुद्दा’ हीच कल्पना आहे. ती कळली तर अर्धे काम झाले.

एक गाठ मात्र इथेच सोडवून घ्यावी. कलम १० बघते आधी कोणता दावा दाखल झाला ते. कलम ११ बघते आधी कोणता दावा निकाली निघाला ते. कलम ११ च्या पहिल्या स्पष्टीकरणात हे स्वच्छ लिहिले आहे: ‘पूर्वीचा दावा’ म्हणजे आधी निकाली निघालेला दावा, मग तो आधी दाखल झालेला असो वा नंतर. समजा कोणीच कलम १० चा अर्ज केला नाही, न्यायालयाच्याही लक्षात आले नाही आणि धाकट्याचा २०१४ चा दावा २०१६ मध्येच निकाली निघाला. तर त्याचा निकाल २०१२ च्या दाव्यावर बंधनकारक ठरेल, जरी तो नंतर आलेला असला तरी. आणि थोरला नंतर ओरडला, की हा दावा कलम १० ने थांबायला हवा होता, म्हणून हुकूमनामाच रद्दबातल आहे, तर ते चालत नाही. कलम १० प्रक्रियेचे आहे, ते डावलून झालेला हुकूमनामा शून्य ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुखराज जैन प्रकरणात २००४ साली सांगितले.

आपल्या गोष्टीत मात्र धाकट्याचा दावा थांबला आणि थोरल्याचा चालला. २०१८ मध्ये निकाल लागला: शेत घेताना पैसा एकत्र कुटुंबाचाच होता, थोरल्याची मागणी नामंजूर. थोरला जिल्हा न्यायालयात अपिलात गेला. या टप्प्याला पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. निकाल तर लागला, मग कलम ११ का नाही? कारण कलमाला ‘अंतिमरीत्या ठरलेला’ निकाल हवा. अपील दाखल झाले की खालच्या निकालाचा अंतिमपणा गेला, वाद पुन्हा चालू झाला. म्हणजे २०१८ ते अपिलाच्या निकालापर्यंत आपण परत कलम १० च्या राज्यात आहोत. अपील २०२१ मध्ये फेटाळले गेले, थोरला उच्च न्यायालयात गेला नाही. दुसऱ्या अपिलाची मुदत संपली. आता मुद्दा खऱ्या अर्थाने ठरला.

धाकट्याचा वाटपाचा दावा पुन्हा सुरू होतो. आणि इथे रेस ज्युडिकाटाचे एक रूप दिसते, जे तक्त्यात सहसा नसते. सर्वांना वाटते, कलम ११ म्हणजे दुसरा दावा बाद. पण कलमाचे शब्द आहेत ‘कोणताही दावा किंवा मुद्दा’. धाकट्याचा दावा बाद होत नाही. त्याला हिस्सा अजून मिळायचाच आहे, मोजणी व्हायची आहे, ताबा मिळायचा आहे. बंद होतो तो फक्त एक मुद्दा, शेत एकट्याचे की कुटुंबाचे. त्यावर थोरल्याला आता तोंड उघडता येत नाही आणि हे कलम इथे वादीच्या, म्हणजे धाकट्याच्या, हातातले हत्यार झाले आहे. रेस ज्युडिकाटा ही नेहमी प्रतिवादीची ढाल असते हा समज सोडून द्यावा.

थोरला चिवट आहे. तो म्हणतो, ठीक, शेत कुटुंबाचे होते असे धरू. पण १९९८ साली तोंडी वाटप झाले, त्यात हे शेत मला आले आणि धाकट्याला घर गेले. हा मुद्दा तर पूर्वीच्या दाव्यात कोणी काढलाच नव्हता, त्यावर निकाल कसा असेल? चौथे स्पष्टीकरण याच चलाखीसाठी आहे. जो मुद्दा पूर्वीच्या दाव्यात मांडता आला असता आणि मांडायलाच हवा होता, तो तिथे प्रत्यक्षपणे आणि मुख्यत्वे वादात होता असेच मानले जाते. थोरला ‘शेत माझ्या एकट्याचे’ म्हणून न्यायालयात गेला होता. एकट्याची मालकी ज्या ज्या आधारावर उभी राहू शकते तो प्रत्येक आधार त्याने तेव्हाच मांडायला हवा होता. एक आधार हरल्यावर दुसरा काढून परत यायची सोय नाही.

याचे खरे आणि कठोर उदाहरण म्हणजे उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध नवाब हुसेन, १९७७. एका पोलीस उपनिरीक्षकाला पोलीस उपमहानिरीक्षकाने बडतर्फ केले. आपले म्हणणे मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, या कारणावर त्याने उच्च न्यायालयात रिट अर्ज केला आणि हरला. मग त्याने दिवाणी दावा लावून नवे कारण मांडले: माझी नेमणूक महानिरीक्षकाने केली होती, त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला मला काढायचा अधिकारच नव्हता. कारण वजनदार होते. पण सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकायलाच नकार दिला. हे कारण त्याला पहिल्या वेळीच माहीत होते, तेव्हाच मांडायला हवे होते. मला हा निर्णय वाचताना नेहमी त्या माणसाबद्दल वाईट वाटते. तत्त्व मात्र त्यातूनच सर्वांत चांगले कळते: ही आडकाठी ‘तुझे खरे की खोटे’ हा प्रश्न विचारतच नाही.

भारतीय विधिपरंपरेला हे नवे नाही. कात्यायनाने प्रतिवादीच्या उत्तरांचे प्रकार सांगताना पूर्वी झालेल्या न्यायाचे उत्तर वेगळे सांगितले आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत आणि नीलकंठाने व्यवहारमयूखात ते घेतले. १९१६ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे शिवपरसन सिंह विरुद्ध रामनंदन प्रसाद हे प्रकरण आले, तेव्हा सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी या दोघांचा हवाला दिला आणि हे तत्त्व इंग्लंडातून आणलेले नाही, असे दाखवून दिले. जेन्किन्स त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. मुंबई इलाख्यात हिंदू कायद्यासाठी मयूख रोज उघडला जात असे, तेव्हा त्यांना तो हाताशी असणे साहजिक.

आता गोष्ट थोडी बदलून पाहू, कारण परीक्षकही तेच करतो. समजा २०१२ मध्ये थोरल्याने मालकी जाहीर करून मागितलीच नाही. वकिलाने सल्ला दिला, निव्वळ मनाईचा दावा लाव, कोर्ट फी कमी लागेल, काम लवकर होईल. ताबा माझा आहे, धाकट्याने अडथळा करू नये, एवढीच मागणी. न्यायालयाने ताबा थोरल्याचा धरून मनाई दिली आणि निकालपत्रात जाता जाता लिहिले, की शेत वादीच्या मालकीचे दिसते. आता धाकटा वाटपाचा दावा घेऊन आला. थोरला पूर्वीचा निकाल पुढे करतो. चालेल?

बहुतेक वेळा नाही. त्या दाव्यात न्यायालयाला मनाई देण्यासाठी जे ठरवणे भाग होते, ते ताबा. मालकीचे वाक्य आनुषंगिक होते. ते वगळले असते तरी निकाल तोच राहिला असता. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सज्जादनशीन सय्यद विरुद्ध मुसा दादाभाई उम्मर या निर्णयात हा फरक खूप विस्ताराने उलगडला. एखादा मुद्दा मुख्य होता की आनुषंगिक, हे ओळखण्यासाठी त्यांनी सांगितलेली रीत परीक्षेत आणि कामात दोन्हीकडे उपयोगी आहे. पूर्वीच्या दाव्यातले वादपत्र आणि कैफियत वाचा, त्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी मुद्दाम भूमिका घेतल्या होत्या का ते बघा. न्यायालयाने त्यावर वादमुद्दा काढला होता का, पुरावा घेतला होता का ते बघा. आणि शेवटी, तो ठरवल्याशिवाय हुकूमनामा देताच आला नसता का, हा प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाला होकार असेल तर मनाईच्या दाव्यातला मालकीचा निष्कर्षही बंधनकारक होऊ शकतो. थोरल्याचा दावा मोकळ्या पडीक जागेबद्दल असता, जिथे प्रत्यक्ष कोणीच कसत नाही आणि ताबा मालकीवरूनच ठरवावा लागतो, तर उत्तर पालटण्याची शक्यता मोठी. म्हणून ‘मनाईचा दावा, म्हणून मालकीवर रेस ज्युडिकाटा नाही’ असे सूत्र पाठ करू नये. दावा कोणत्या जातीचा यावर नव्हे, त्यात काय लढले गेले यावर सगळे ठरते.

एस्टॉपेल या साऱ्या मामल्यापासून दूर, गावाच्या पारावर उभे आहे. समजा थोरल्याने शेताचा अर्धा एकर शेजाऱ्याला विकायचे ठरवले. सातबाऱ्यावर एकट्या थोरल्याचे नाव. तरी शेजाऱ्याने व्यवहारापूर्वी धाकट्याला गाठून विचारले, “तुझा यात काही हक्क आहे का?” धाकटा म्हणाला, “नाही काका, ते दादाचंच आहे, तुम्ही बिनधास्त घ्या.” त्या भरवशावर शेजाऱ्याने पैसे मोजले, खरेदीखत करून घेतले, बोअर मारली, डाळिंब लावले. चार वर्षांनी धाकटा दावा लावतो, की शेत कुटुंबाचे होते, माझा हिस्सा विकायचा दादाला अधिकार नव्हता.

इथे पूर्वीचा दावा नाही, चालू दावाही नाही. कलम १० आणि ११ दोन्ही गैरहजर. तरी धाकटा अडकतो, कारण त्याने आपल्या बोलण्याने शेजाऱ्याला एक गोष्ट खरी मानायला लावली आणि शेजाऱ्याने त्यावर विसंबून स्वतःची परिस्थिती बदलली. आता तेच खोटे म्हणायची त्याला मुभा नाही. कायद्याने स्वतःच दिलेले उदाहरणही जमिनीच्या विक्रीचेच आहे: एकजण जमीन आपली आहे असे खोटे भासवून ती विकतो, पुढे ती खरोखरच त्याच्या मालकीची होते आणि मग तो म्हणतो, विक्रीच्या वेळी माझ्याकडे हक्कच नव्हता. त्याला ते सिद्ध करू दिले जात नाही.

पण एस्टॉपेल चटकन सैल पडते. कुठे, ते नीट लक्षात घ्यावे. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे असती, किंवा शेजारी त्यांच्या वाड्यातच वाढलेला असता आणि शेत कोणाच्या पैशाने आले हे त्याला पक्के ठाऊक असते, तर तो धाकट्याच्या बोलण्याने फसला असे म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंना सत्य माहीत असेल तर एस्टॉपेल नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी प्रकरणात सांगितले. धाकट्याने बोलणे काहीच केले नसते, फक्त खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही केली असती, तर तेवढ्याने तो अडकत नाही. साक्षीदाराची सही म्हणजे सहीची साक्ष, मजकूर मान्य असल्याची कबुली नव्हे. आणि कायद्याविरुद्ध एस्टॉपेल चालत नाही. ही जमीन आदिवासी भावांची असती आणि शेजारी बिगर आदिवासी असता, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे मंजुरीशिवाय व्यवहार अडतो. धाकट्याने कितीही “बिनधास्त घ्या” म्हटले असले तरी तो कायदा हलत नाही.

दोघांमधली सीमारेषा कधीकधी न्यायालयातच पुसट होते. तडजोडीच्या हुकूमनाम्यात ती दिसते. थोरला आणि धाकटा लोकांच्या सांगण्यावरून समेट करतात, तडजोडपत्र न्यायालयात देतात आणि न्यायालय त्याप्रमाणे हुकूमनामा करते. पुढे एकजण पुन्हा तोच वाद काढतो. कलम ११ लागेल का? न्यायालयाने स्वतः पुरावा तोलून काही ठरवलेच नाही, पक्षकारांनी जे ठरवले त्यावर शिक्का मारला. म्हणून पुलवर्ती वेंकट सुब्बा राव प्रकरणात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की असा हुकूमनामा म्हणजे ऐकून दिलेला निर्णय नव्हे, पण पक्षकारांच्या वागणुकीतून त्यांच्यावर एस्टॉपेल येऊ शकते. दाव्याचे कागद न्यायालयाचे, पण अडवणूक पक्षकाराच्या कृतीतून आलेली. तिसऱ्या रकान्याचे काम पहिल्या खोलीत चाललेले.

पाठ्यपुस्तकांतले एक आवडते वाक्य असे, की एस्टॉपेल पक्षकाराचे तोंड बंद करते आणि रेस ज्युडिकाटा न्यायालयाचा अधिकारच काढून घेते. पहिला भाग ठीक. दुसरा जपून लिहावा. अधिकारच गेला असता तर प्रतिवादी गप्प बसला तरी न्यायालयाने दावा चालवला नसता. प्रत्यक्षात रेस ज्युडिकाटाचा बचाव मांडावा लागतो आणि तो सोडूनही देता येतो. उलट, खऱ्याखुऱ्या अधिकाराचा प्रश्न असतो तिथे रेस ज्युडिकाटाच माघार घेते.

हे बोरिवलीच्या एका जमिनीने दाखवून दिले. मथुराप्रसाद विरुद्ध दोसीबाई जीजीभॉय, १९७०. मोकळी जमीन इमारती बांधण्यासाठी भाड्याने दिलेली. भाडेकरूने बोरिवलीच्या दिवाणी न्यायाधीशाकडे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखाली प्रमाणित भाडे ठरवून मागितले. न्यायाधीश म्हणाले, बांधकामासाठी दिलेल्या मोकळ्या जमिनीला हा कायदाच लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम केले. पुढे दुसऱ्या प्रकरणात उच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ वेगळा लावला. भाडेकरू पुन्हा आला, या वेळी लघुवाद न्यायालयात. एका मागोमाग तीन पायऱ्यांवर त्याला सांगण्यात आले, तुझा मुद्दा ठरून गेला आहे. सर्वोच्च न्यायालयात मात्र न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी पारडे फिरवले. वस्तुस्थितीचा निष्कर्ष चुकीचा असला तरी तो त्या पक्षकारांना बांधतोच. पण न्यायालयाला अधिकार आहे की नाही हा निव्वळ कायद्याचा प्रश्न असेल, तर आधीच्या न्यायाधीशाने कायद्याचा चुकीचा अर्थ लावून जो अधिकार नाकारला किंवा घेतला, तो त्या चुकीमुळे कायमचा ठरत नाही. दोन पक्षकारांपुरता संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा बदलायची ताकद निकालात नाही, हा त्यामागचा विचार. परीक्षेत ‘चुकीचा निकालही रेस ज्युडिकाटा होतो का’ असा प्रश्न आला, की हो लिहून पूर्णविराम देणारे अर्धेच गुण घेतात.

शेवटी दोन भावांच्या फाईलकडे. धाकट्याच्या वकिलाने २०२१ नंतर न्यायालयाला नुसते सांगून भागत नाही, की मुद्दा ठरला आहे. व्ही. राजेश्वरी प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा बचाव कैफियतीत किंवा वादपत्रात मांडायला हवा आणि पूर्वीच्या दाव्यातले वादपत्र, कैफियत, वादमुद्दे, निकालपत्र यांच्या प्रमाणित नकला दाखल करून सिद्ध करायला हवा. फक्त निकालपत्र जोडले तर मुद्दा काय होता हे अंदाजानेच काढावे लागते. म्हणूनच आदेश ७ नियम ११ खाली अर्ज देऊन, सुरुवातीलाच वादपत्र फेटाळून घ्यायची घाई बहुधा फसते. बेळगावच्या श्रीहरी हनुमानदास तोतला प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. त्या अर्जावर न्यायालय फक्त वादपत्र बघते आणि रेस ज्युडिकाटा ठरवायला मागच्या दाव्याचे सगळे बाड उघडावे लागते. धाकट्याच्या वकिलाने नकलांसाठी अर्ज दिला, तर कोर्टाच्या नकल विभागात त्याने ‘वादमुद्द्यांची प्रत’ वेगळी मागून घ्यावी. ती विसरली जाते आणि उलटतपासणी अर्ध्यावर आली की मग धावपळ होते.